काका बेशुद्ध असताना

"मला बेशुद्ध का पाडलंत?"

"कागदावर पाडलंय, काका."

"कागदावर तरी का? गळती थांबवणारा माणूसच आडवा करायचा, हा कुठला सराव?"

"हाच," सेफ्टीताई म्हणाल्या. "आता तुम्ही बोलायचं नाही, फक्त बघायचं."

काका आमच्या छोट्या रंग कारखान्यात पहिल्या यंत्रापासूनचे. नावाला उत्पादन व्यवस्थापक. खरं तर कारखान्याचे आई-बाप दोन्ही. मला काम त्यांनीच शिकवलं, रागावून नाही, शेजारी बसून. पण हृदयाचं ऑपरेशन ते पुढे ढकलत होते. "मी नसलो तर इथं काय होईल?" हेच बघायला मालकीणबाईंनी अपघाताचे सराव घेणाऱ्या सेफ्टीताईंना बोलावलं. मी नोंदी घेत होते.

टेबलावर कारखान्याचा नकाशा पसरला होता. थिनरच्या टाकीचा पाइप फुटलाय, शेडमध्ये पेट घेणारी वाफ भरतेय, आणि काका बेशुद्ध आहेत, असं धरून चालायचं.

"पंखे लावा!" हिशेबनीस ओरडले.

"बटण कुठंय?" ताईंनी विचारलं.

"शेडमध्ये."

"दाबलंत. मग?"

हिशेबनीसांचा चेहरा पडला. "बटणाची ठिणगी. म्हणजे सगळ्यांना उडवलं मी?"

"कागदावर. पुढे?"

नकाशावर सगळ्यांना गेटपाशी जमवलं. ताईंनी टेबलावर एक चिठ्ठी टाकली: वारा फिरलाय, वाफ गेटकडेच येतेय.

"अगं बाई," मालकीणबाई म्हणाल्या. जमायची दुसरी जागा ठरलेलीच नव्हती. माणसं मोजली, तर साफसफाईच्या ठेकेदाराची दोघं कोणाच्याच हिशेबात नव्हती.

"अग्निशमन दलाला फोन कोणी केला?"

"मला वाटलं तुम्ही."

"मला वाटलं तुम्ही!"

"आणि टाकीचा व्हॉल्व्ह कोणी बंद केला?"

"तो काकांनाच माहीत."

काकांनी तोंड उघडलं. ताईंनी ओठांवर बोट ठेवलं. काका स्वतःचेच हात मांडीखाली दाबून बसले.

शेवटी ताई म्हणाल्या, "चूक कोणाची, हा प्रश्न नाही. काय जमलं, काय अडलं, का अडलं, तेवढं बोला."

जमलं एवढंच: शेडमध्ये परत कोणी शिरलं नाही. अडलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे ताईंनी एकाचं नाव आणि तारीख लिहून घेतली. व्हॉल्व्हपुढे लिहायला काकांखेरीज नावच नव्हतं.

काका हळूच म्हणाले, "कोणी विचारलं की मी म्हणायचो, 'राहू दे, मी बघतो.' माया वाटायची ती मला."

"मायाच होती," मालकीणबाई म्हणाल्या. "तुमच्यामुळे आजवर आम्ही निर्धास्त झोपलो, काका. ते फेडता येणार नाही. व्हॉल्व्ह हिशेबनीस आणि शिफ्टवाले शिकतील. मग ऑपरेशनची तारीख घेऊ ना?"

मी मान खाली घातली. डोळे भरले होते.

काकांनी खुंटीवरचं हेल्मेट काढलं, हिशेबनीसांच्या डोक्यावर ठेवलं, पट्टा हनुवटीखाली नीट आवळला आणि त्यांना व्हॉल्व्ह दाखवायला शेडकडे चालू लागले.