ओळख स्वतःच्या तोंडची

कीर्तनाच्या नव्या मालिकेसाठी चॅनेलचं निमंत्रणपत्र शेळगावात माझ्या मोबाईलवर आलं. आदरानं लिहिलेलं होतं. पहिल्या भागात सगळ्या कीर्तनकारांची थोडक्यात ओळख दाखवणार, म्हणून दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवावा. मोबाईल आडवा धरावा, उजेड तोंडावर असावा, मागं ट्रॅक्टरचा आवाज नसावा. नाव, गाव, गुरू हे सगळं स्वतः सांगावं.

माझं बिनसलं ते त्या 'स्वतः'वर. आमच्यात कीर्तनकार आपली ओळख आपण देत नाही. गावातला कोणी जाणता ती देतो, आपण मान खाली घालून ऐकायची. म्हणून मी माझ्या मृदंगवाल्या तात्यांना बोलायला लावलं, आणि शेजारी हात जोडून उभा राहिलो.

व्हिडिओ पाहून चॅनेलवाल्या बाईंचा फोन आला. "महाराज, ते काका नकोत. तुम्हीच बोला."

फोन स्पीकरवर होता. तात्या म्हणाले, "बोला की तुमी. मी मोबाईल धरतो."

त्यांनी तो आडवा धरला, आणि मी माझंच कौतुक करून घेतलं.

चॅनेलनं ओळख दाखवली. कीर्तनाचं कळवतो म्हणाले, ते अजून कळवतायत.

परवा कोऱ्हाळ्यात कीर्तनाआधी माझी ओळख द्यायला एक आबा उठले. म्हणाले, "महाराजांची ओळख आमी काय द्यायची? त्यांची त्यांनीच दिलीया की मोबाईलवर."

मंडप हसला. मी तात्यांकडं पाहिलं. ते आवाज जुळवायला मृदंगाला कणीक लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.