तांदळातला हॅशटॅग

ताईच्या लग्नात हॅशटॅगचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात इंग्लिश मीडियमची मी एकटीच. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या थोरल्या काकांनी बाकीची कामं वाटली आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं. "ही चार माणसांत बोलत न्हाई. हिला ते मोबाईलचं द्या. तितं बोलावं लागत न्हाई."

मला ते बरंच वाटलं.

आधी ताईचं आणि भावोजींचं नाव जोडून पाहिलं. शोधल्यावर त्याच नावांच्या कुणा परक्या जोडप्याची हळद निघाली. काका म्हणाले, "त्यास्नी सांग, तुमचं बदला म्हणावं." मग त्यांनी आपल्या पलटणीचा नंबर सुचवला. नुसत्या आकड्यांचा हॅशटॅग चालत नाही म्हटल्यावर ते दुखावले. दोन्ही आडनावं मध्ये आडवी रेघ घालून पाहिली, तर रेघ आली की टॅग तिथेच तुटायचा. शेवटी ताईचं नाव, भावोजींचं घरातलं छोटं नाव आणि पुढे सातारा, सगळं रोमन लिपीत, सलग. शोधलं, तर कुणीच वापरलेलं नव्हतं. आत्याने चष्मा न लावता टाइप करून दाखवलं, तेव्हा माझी खात्री पटली.

सांगलीहून, म्हणजे ताईच्या सासरहून, तेवढा निरोप आला, "यात सांगली कुटं हाय?"

काका म्हणाले, "सांगलीला पोरगी देतोय की. आणि काय पायजे?"

खरी अडचण वेगळीच होती. त्या घरात सुनेचं नाव बदलायची रीत आहे. लग्नात तांदळाच्या ताटात नवरा अंगठीने नवं नाव लिहितो, आणि ताईच्या सासूबाईंनी ते आधीच ठरवून ठेवलं होतं. भावोजींना जुनंच आवडायचं, पण आईपुढे त्यांचा आवाज माझ्याएवढाच. बाबा म्हणत, "रीत हाय त्यांची." ताई कुणाला काहीच म्हणाली नाही. मला फक्त म्हणाली, "त्या नावाने कुणी हाक मारली, तर मी वळणारच नाही गं."

साखरपुड्यात सासूबाईंनी मला कोपऱ्यात गाठलं. "आगं, माझे फोटू त्या टॅगात कुणाला दिसंनात." त्यांचं खातं प्रायव्हेट होतं, त्यामुळे बाहेरच्यांना दिसणार कसे? मी ते त्यांच्या सांगण्यावरून उघडं केलं. त्यानंतर त्या थांबल्याच नाहीत. ताईची ओटी, ताईचे हात, जिलेबीचं ताट, त्यांच्या बचत गटातल्या बायकांसोबत ताई, प्रत्येक फोटोखाली आमचा टॅग. टॅगाआधीच्या खुणेला त्या 'जाळी' म्हणायच्या. आमच्याकडचे सगळे मिळून त्यांच्या निम्मेही फोटो टाकू शकले नाहीत.

मग बस्त्याला आम्ही सांगलीला गेलो. दुकानाच्या गादीवर शालूंचा ढीग पडला होता. सासूबाई त्यातून मान वर काढून म्हणाल्या, "पोरी, मांडवाच्या दारातल्या बोर्डावर लावायला नवं नाव घालून दुसरा टॅग कर. आता जुनं कशाला?"

ताईच्या हातातला पदर तिथेच थांबला. सगळे माझ्याकडे बघू लागले. मला दुकानदाराच्या मागे लपावंसं वाटत होतं.

"करता येईल, काकू," मी म्हणाले. "पण तो रिकामा असेल."

"रिकामा म्हंजे?"

"जुने फोटो आपोआप त्यात येत नाहीत. ज्याने टाकले त्यानेच एकेक उघडून टॅग बदलायचा."

"माझेबी?"

"तुमचेच जास्त आहेत."

त्यांनी फोन काढला आणि बोटाने वर सरकवत राहिल्या. फोटो संपेनात. शेजारी बसलेली ताईची नणंद हळूच म्हणाली, "आई, गटातल्या बायका रोज त्यातच बघत्यात. हिला समद्या त्याच नावानं वळखत्यात."

"तू गप गं," सासूबाई म्हणाल्या. दुकानदाराने आणखी दोन शालू उलगडले. त्यांनी एकही पाहिला नाही. बोर्डाचा विषय मात्र पुन्हा काढला नाही.

लग्नात तांदळाचं ताट आलं, तेव्हाही त्यात कुठलं नाव उमटणार, हे कुणालाच माहीत नव्हतं. भावोजींनी अंगठी हातात घेतली आणि आईकडे पाहिलं. ताई ताटाकडे बघत होती.

सासूबाईंचा फोन रेकॉर्डिंगला लागलेला होता. त्याच्या मागूनच त्या म्हणाल्या, "बघतोस काय? हाय तेच लिव्ह. आता कोण बसतंय समदे फोटू बदलत?"

ताईने मान वर केली. भावोजींनी तांदळात तिचं नाव लिहिलं, इतकं ठळक की कडेचे दाणे सांडले.

"थांब, थांब," सासूबाई ओरडल्या. "आधी ती जाळी काढायची राहिली."

भावोजींनी नावाआधी दोन उभ्या, दोन आडव्या रेघा ओढल्या. भटजींनी माझ्याकडे पाहिलं. ही कुठली रीत, हे बहुधा मलाच विचारायचं असावं.