बाप काय म्हणाला?

ऑपरेटरबाईंनी तीस वर्षं हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर काढली होती. निवृत्तीनंतर त्यांनी भाषांतराचा अभ्यासक्रम धरला आणि पहिल्याच परीक्षेत आपटी खाल्ली. "शब्द बरोबर आहेत, पण माणसं असं बोलत नाहीत," असा शेरा मिळाला. आता ही दुसरी आणि शेवटची संधी होती.

परीक्षेतल्या इंग्रजी उताऱ्यात बारा वर्षांनी घरी परतलेला मुलगा दारात उभा होता. म्हातारा बाप त्याला एवढंच म्हणतो, "यू टुक युअर टाइम," आणि त्याला आत येऊ द्यायला बाजूला होतो. बाईंनी लिहिलं, "तू तुझा वेळ घेतलास." वाचून त्यांना तो जुना शेराच आठवला. ते खोडून त्यांनी "किती उशीर केलास!" लिहिलं. अर्थ जमला, पण बाप नुसताच खेकसला. असा बाप दारातून बाजूला कशाला होईल?

दहा मिनिटं उरली. बाईंनी पेन ठेवलं, डोळे मिटले आणि फोनवरचा ऐकावा तसा त्या बापाचा आवाज ऐकू लागल्या. एकदम तोंडून निसटलं, "आलास एकदाचा!"

"काकू, बोलू नका," पर्यवेक्षिकेने दटावलं.

"झालं हो, झालं," म्हणत त्यांनी ते लिहिलं. घंटा झाली तेव्हा शेवटचं वाक्य कसंबसं पुरं झालं होतं.

महिन्याभराने उत्तरपत्रिका मिळाली. तपासणाऱ्या सरांनी त्या दोन शब्दांखाली रेघ मारून लिहिलं होतं, "रागही आहे, मायाही आहे. पास." बाई जिन्यातच बसल्या आणि पदराने चष्मा पुसत राहिल्या.