फक्कीचं घर

त्या गवंड्याला सगळे ‘नकोमिस्त्री’ म्हणत. तोंडावरही म्हणत आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नसे. गिऱ्हाईक काहीही बोललं की त्याच्या तोंडून पहिला शब्द ‘नको’ असाच निघायचा. कमान? नको. गॅलरीला गोल खांब? नको. छताला थर्माकोलची वेलबुट्टी? आई गं, नको! त्याची बायको चारचौघांत म्हणायची, “एवढं नको-नको करता येतं, तर मला बघायला आलात तेव्हा जीभ कुठे गेली होती?”

ही खोड जन्मजात नव्हती. दहा वर्षांपूर्वी त्याने एका कापडवाल्याला शेतावर सुट्टीचा बंगला बांधून दिला होता. एक अख्खी भिंत काचेची, पुढे गालिच्यासारखं गवत, मधोमध कारंजं. कापडवाला दर शनिवारी हौसेने जायचा. शनिवारभर काचा पुसायचा, रविवारभर गवत कापायचा आणि कारंज्याच्या तोट्यांतलं शेवाळ सुईने काढायचा. सहा महिन्यांनी तो मिस्त्रीला भर बाजारात भेटला आणि हात जोडून म्हणाला, “मिस्त्री, मी तुम्हाला घर बांधायला सांगितलं होतं. तुम्ही मला नोकरी लावून दिलीत.” ते वाक्य मिस्त्रीच्या काळजात खिळ्यासारखं रुतलं आणि तेव्हापासून त्याचं ‘नको’ सुरू झालं.

अशा माणसाकडे एके दिवशी दातांची डॉक्टरीणबाई आली. सोबत तिचा नवरा. तो वाचनालयात ग्रंथपाल होता आणि इतक्या हळू बोलायचा, की समोरच्याला आपोआप कान पुढे करावा लागे. मागून डॉक्टरीणबाईंच्या सासूबाई, आणि सगळ्यांच्या पुढे डॉक्टरीणबाईंचा धाकटा भाऊ, मोबाइल हातात धरून.

“वडिलांची दोन एकर जमीन आहे माझ्या नावावर,” डॉक्टरीणबाई म्हणाली. “शनिवार-रविवार जाऊन नुसतं बसायचंय. आठवडाभर लोकांच्या तोंडात बघून मान मोडते माझी. साधं घर हवं. दुरुस्ती नको, देखभाल नको.”

आपल्या आधी गिऱ्हाइकानेच ‘नको’ म्हटलेलं मिस्त्रीने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तो तिथेच विरघळला.

पण भाऊ होता ना! “ताई, साधं म्हणजे गरिबी नव्हे,” असं म्हणून त्याने मोबाइलवरचे फोटो सरकवायला सुरुवात केली. काचेची खोली. पोहायचा तलाव. झोपाळ्याची खोली. व्यायामाची खोली. पाहुण्यांच्या दोन खोल्या, आणि पाहुण्यांच्या पाहुण्यांसाठी एक.

“भाऊसाहेब,” मिस्त्री म्हणाला, “ही शेतजमीन आहे. आधी कचेरीत विचारू या, मग स्वप्नं बघू.”

कचेरीतल्या कारकुनाने चष्मा कपाळावर चढवून नियम सांगितले. शेतजमिनीवर शेतघर बांधता येईल, पण जमिनीच्या मानाने ठरलेल्या क्षेत्रापुरतंच. मजला एकच. बाकीची जमीन शेतीखाली राहिली पाहिजे. आणि नकाशा मंजूर झाल्याशिवाय कुदळ मारायची नाही.

“पोहायचा तलाव?” भावाने विचारलं.

“त्याचा शेतीशी काय संबंध?”

भावाने क्षणभर विचार केला. “बदकं पाळू.”

कारकुनाने चष्मा परत डोळ्यांवर घेतला आणि त्याच्याकडे इतकं निरखून पाहिलं, की ग्रंथपालांनी मेहुण्याला दंडाला धरून बाहेर नेलं. पण बाहेर आल्या आल्या भाऊ म्हणाला, “क्षेत्राची परवानगी आहे ना? मग मंजूर आहे तेवढं सगळं बांधायचं. दाजी, सोडायचं कशाला?”

मिस्त्रीच्या ओठांवर ‘नको’ आलं होतं. पण त्याने ते गिळलं. कापडवाल्यालाही तोंडाने सांगून काही कळलं नसतं, हे त्याला आता उमगलं होतं. “ठीक आहे,” तो म्हणाला. “येत्या शनिवारी सगळ्यांनी शेतावर या. दोन दिवसांचे कपडे आणा, झाडू आणा. मी घर तयार ठेवतो.”

“शनिवारपर्यंत घर?” सासूबाईंनी डोळे मोठे केले.

“पूर्ण, आजी. भाऊसाहेबांनी सांगितलंय तसं. आठ खोल्या.”

शनिवारी सकाळी मंडळी पोचली तर शेतात दोरी लावून, काटकोन साधून, चुन्याच्या पांढऱ्या फक्कीने आखलेलं घर होतं. भिंती म्हणजे रेघा. दारं म्हणजे रेघेतली फट. एकीकडे पोहायच्या तलावाचं वेटोळं. सावलीला चार बांबू आणि ताडपत्री. बाजूला पाण्याचे पिंप आणि आडोशाला तात्पुरता संडास.

“हे घर,” मिस्त्री म्हणाला. “दोन दिवस यात राहायचं. नियम एकच. दारातूनच आत-बाहेर जायचं, आणि जे आखलंय ते सगळं झाडायचं, पुसायचं. खऱ्या घरात करावं लागणारच आहे.”

डॉक्टरीणबाई हसली. ग्रंथपालांनी चपला काढल्या आणि फटीतून अदबीने आत गेले. भाऊ रेघ ओलांडून तरातरा निघाला.

“भिंत!” मिस्त्री कडाडला. भाऊ दचकून मागे उडाला आणि कपाळ चोळू लागला.

पहिला तास मजेत गेला. मग झाडलोट सुरू झाली. आठ खोल्यांतला पाचोळा काढेपर्यंत वारा पहिल्या खोलीत नवा पाचोळा टाकून गेला. भावाच्या वाट्याला काचेच्या खोलीची भिंत आली. मिस्त्रीने त्याच्या हातात फडकं दिलं आणि रेघेच्या बाजूने हवेत, वरपासून खालपर्यंत, चाळीस फूट पुसायला लावलं. “कोपरा राहिला, भाऊसाहेब. तिथे पाखराची शीट आहे.” भाऊ निमूटपणे हवेचा कोपरा घासू लागला. बांधावरून जाणारा शेजारचा शेतकरी तिथेच थांबला, खाली बसला आणि त्याने घरून बायकोलाही बोलावून घेतलं.

दहा वाजता सासूबाई आपल्या खोलीतून हाका मारू लागल्या. “अगं, मला बाहेर यायचंय!”

“या ना, आई.”

“कशी येऊ? दार व्यायामाच्या खोलीत उघडतंय, आणि तिथे म्हैस आहे!”

खरंच शेजाऱ्याची म्हैस व्यायामाच्या खोलीत येऊन बसली होती आणि रवंथ करत होती. त्या खोलीत त्या दिवशी झालेला व्यायाम तेवढाच. भावाने तिला उठवायचा प्रयत्न केला. म्हशीने त्याच्याकडे कारकुनासारखंच पाहिलं. शेवटी सासूबाईंनी इकडेतिकडे बघितलं, साडी सावरली आणि पायाने भिंत पुसून टाकली.

“आजी, भिंत पाडलीत?”

“पाडली. मला व्यायामशाळेच्या पलीकडे राहायचंच नाही.”

मग बांधच फुटला. पाहुण्यांच्या खोल्या डॉक्टरीणबाईने पुसल्या. “पाहुणे आले तर बाहेर झोपतील, नाहीतर येणार नाहीत. दोन्ही चांगलंच आहे.” झोपाळ्याची खोली ग्रंथपालांनी पुसली, पण आधी झोपाळ्याची माफी मागितल्यासारखे तिथे क्षणभर उभे राहिले. तलाव दुपारपर्यंत टिकला. मग मिस्त्रीने भावाला त्याचं पाणी बदलायला सांगितलं, विहिरीवरून बादलीने. सातव्या बादलीला भाऊ तलावाच्या मधोमध बसला आणि म्हणाला, “ताई, बदकं नकोत.”

उन्हं चढल्यावर एक मजेशीर गोष्ट मिस्त्रीच्या ध्यानात आली. घर कितीही मोठं असो, सगळे ताडपत्रीच्या सावलीतच येऊन बसत. आणि तीन वाजता पश्चिमेचं ऊन ताडपत्रीखाली शिरलं, तेव्हा सगळे चटया उचलून सरकले. मिस्त्री फक्कीचं घमेलं घेऊन मागे मागे फिरत होता. जिथे माणसं थांबतील तिथे तो खूण करी. रविवारी संध्याकाळी त्याने जुन्या रेघा पायाने मोडल्या आणि खुणा जोडल्या.

दोन खोल्या. मागे न्हाणी, संडास आणि स्वयंपाकाचा ओटा. आणि पूर्वेला व दक्षिणेला काटकोनात वळलेला व्हरांडा, दहा फूट रुंद, दोन्ही खोल्यांपेक्षा मोठा. पश्चिमेच्या भिंतीला एकच लहान खिडकी.

“व्हरांडाच घरापेक्षा मोठा?” भावाने विचारलं, पण त्याच्या आवाजात आता जोर नव्हता.

“तुम्ही दोन दिवस कुठे बसलात, तेवढं सांगा.”

भावाने बुडाखालच्या रेघा पाहिल्या. त्या वेळीही तो व्हरांड्यातच बसला होता.

पुढचं काम सरळ झालं. इंजिनिअरने त्याच आखणीचा नकाशा काढला आणि कचेरीतून तो मंजूर झाला. जोतं जवळच्या खाणीतल्या दगडाचं, दोन फूट उंच, पावसाचं पाणी आणि साप दोन्ही बाहेर राहावेत म्हणून. भिंती विटांच्या, गिलावा न करता, सांधे नीट भरून. म्हणजे रंगही नको आणि पोपडेही नकोत. छप्पर उतरतं, कौलांचं, लोखंडी पाइपवर, कारण रिकाम्या घरात लाकूड वाळवीच राखते. वळचण भिंतीच्या तीन फूट पुढे. छपराचं पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळी लावल्याच नाहीत. पाचोळ्याने त्या तुंबतात आणि शिडीवर चढायला शनिवारी कोणालाच हौस नसते. त्याऐवजी पागोळ्या पडतात तिथे खडी भरलेला चर. खाली सिमेंटचा कोबा, आणि व्हरांड्याचा कोबा बाहेरच्या बाजूला किंचित उतरता. एक बादली ओतली की व्हरांडा धुऊन निघतो. खुर्च्यांऐवजी भिंतीला लागून दगडी ओटे. झरोक्यांना बारीक जाळी. संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून लांब, उताराकडे. बंद घरात पाच दिवस उंदीर राहू नये आणि कोंदट वास येऊ नये, एवढाच सगळा खटाटोप.

घर झालं. मंडळी दर शनिवारी येऊ लागली. कुलूप उघडायचं, एक झाडू मारायचा, एक बादली ओतायची, की वीस मिनिटांत बसायला मोकळी.

पण डॉक्टरीणबाईचं बसणं काही जमलं नाही. तिसऱ्याच शनिवारी तो शेजारी शेतकरी गाल धरून व्हरांड्यात आला. पुढच्या शनिवारी त्याची बायको. मग तिची बहीण. मग बहिणीच्या गावचे सहा जण. उजेड पूर्वेचा, ओटा नेमक्या उंचीचा, पाणी टाकलं की आपोआप बाहेर जातं. दातांच्या डॉक्टरला यापेक्षा चांगला दवाखाना कोण बांधून देणार? डॉक्टरीणबाई कुरकुरायची, पण पिशवीत अवजारं तीच आणायची. सासूबाई पायरीवर बसून नंबर लावायच्या आणि रांगेतल्या लोकांना दात कसे घासायचे ते दाखवायच्या. त्यांचे स्वतःचे दात तेवढा वेळ वाटीत असायचे.

हे बघायला मिस्त्री एका शनिवारी सकाळी मुद्दाम आला. ओट्यावर टेकला. भिंतीवर हात फिरवला. बरं वाटलं त्याला, आणि तो खुशीत हसला. तेवढ्यात डॉक्टरीणबाई हातमोजे चढवत पुढे आली.

“मिस्त्री, हसताना मघाशी डावीकडची दाढ दिसली तुमची. किडलीय. आ करा.”

“अहो बाई, मी नुसता—”

“आ करा!”

त्याने आ केला. मान मागे टेकली. डोळे आपोआप छपराकडे गेले, आणि तिसऱ्या ओळीत, कोपऱ्यापासून पाचवं, एक कौल अंगठाभर सरकलेलं त्याला दिसलं. मिस्त्रीच्या जिवाची तगमग झाली. तो हाताने वर खुणा करू लागला.

“दुखतंय?” डॉक्टरीणबाईने विचारलं.

“आँ! आँ-आँ!”

“दुखणारच. कितीतरी वर्षं लक्ष दिलेलं नाही तुम्ही,” ती म्हणाली आणि भावाला हाक मारली, “अरे, यांचे हात धर जरा.”