मॅच मधात थांबत नाही

काल निघालो होतो मलकापूरले, पण धाड गावच्या बाजारात भजे खात बसलो अन् गाडी गेली. मग मुक्कामाले गावातल्याच मावशीच्या घरी आलो, तर तिथं भांडण! माझी मावसबहीण पूजा दहावीत आहे. तासन्‌तास मोबाईलवर गेम खेळते, गणितात नापास झाली. मावशीनं मोबाईल हिसकला म्हणून ती रडून राह्यली होती.

"एवढं काऊन रडतं वं?"

"दादा, चौघींची टीम हाय. मॅच मधात थांबत नाही. मी गेली तर त्या हारतात, माझी रँक पडते."

"अन् शाळेतली रँक?" मावशी.

मी म्हटलं, मलेही शिकव. खेळलो, लगेच मेलो. पण पाहिलं, मॅच संपली की पुढच्या मॅचचं बटण समोरच असते. थांबावं कुठं?

मग ठरलं. आधी गणित, मग दोनच मॅच. टीमले तसं आधीच सांगायचं. मावशीनं मधात हिसकायचं नाही, दोन मॅच झाल्या की पूजानं स्वतः मोबाईल आणून द्यायचा.

आज दुसरी मॅच संपली. मैत्रिणी बोलावत होत्या. पूजा थोडी थांबली, अन् मोबाईल मावशीच्या हातात दिला.

मावशीनं पहिल्यांदाच विचारलं, "जिंकली का वं?"

उद्याचं माहीत नाही. तुमच्या घरी कसं थांबवता, सांगा बरं?