माल संपला का खिडकी हाय?

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. बांधकाम संपलं की कोपऱ्यात विटांचे तुकडे आपोआप साचतात, तसे ते साचतात. फेकून द्यायला जीव होत नाही, अन् ठेवायला जागा न्हाई. आमच्या ताडकळसच्या रविवारच्या मंडळींचे किस्से माझ्याकडं असेच साचलेत. मी जन्मभर गवंडी. शाळेचं तोंड पाहिलं ते शाळेची भिंत बांधायला गेलो तेव्हा! अक्षरं शिकलो साठी उलटल्यावर, तीही याच मंडळींत बसून. म्हणून हळूहळू लिहितो. तुमीबी हळूहळू वाचा.

•

मी त्यांच्यात घुसलो कसा, ते आधी सांगतो. वाचनालयाच्या ओसरीला गिलावा करायलो होतो. आत देशमुख गुरुजी, रिटायर मास्तर, पाच-सहा जणांना कविता वाचून दाखवायले होते. वाचून झाल्यावर कागद खिडकीत ठेवला. मला वाचता येत नव्हतं, पण नजर गेली. गवंड्याची नजर, ती काय अक्षरं बघती? ती थर बघती.

मी म्हणलं, "गुरुजी, रागवू नका. पहिले तीन थर चार-चार विटांचे हायेत. मग एकदम दोन-दोनचे. मधीच माल संपला का तिथं खिडकी हाय?"

सगळे खो खो हसले. एकटे गुरुजी हसले नाहीत. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मिस्त्री," ते म्हणाले, "पहिल्या तीन कडव्यांत माझं भरलेलं घर आहे. चौथ्यात मुलगा पुण्याला जातो. तिथून ओळी कमी झाल्या. शब्दांत मी कुठंच लिहिलं नाही की घर रिकामं झालं."

मग म्हणाले, "खिडकीच आहे. आत या. हात धुऊन या!"

त्या दिवसापासून आमच्यात कुणाच्याही कवितेचा आकार मधीच बदलला, की सगळे एका सुरात विचारतात, "माल संपला का खिडकी हाय?"

•

आता सगळ्याच खिडक्या नसतात बरं का! आमच्यात भगवान हाय, एसटीचा कंडक्टर. त्याची कविता बसवरच असती. एकदा चार-चार ओळींची सहा कडवी आणली. त्यातलं चौथं कडवं पाच ओळींचं!

आमी लागलो अर्थ काढायला. एक जण म्हणला, गर्दी वाढली म्हणून ओळ वाढली. दुसरा म्हणला, न्हाई, तिथं रस्ता खराब हाय. मी म्हणलं, भिंतीचं पोट फुगलंय, भार कशाचा तरी हाय. अर्धा घंटा गेला!

भगवान मान खाली घालून ऐकायला होता. शेवटी मला म्हणला, "आबा, एक पॅसेंजर जास्त मोजला हो!"

गुरुजी हसता हसता खोकले, पण त्याच दिवशी त्यांनी ओळखायची रीत सांगितली. म्हणाले, "चूक कुठली अन् खूण कुठली, हे पुढचं कडवं सांगतं. इथं पाचव्या कडव्यात पुन्हा चारच ओळी, विषय तोच, चाल तीच. म्हणजे चूक. आकार वळतो त्याच जागी बोलणंही वळत असेल, वेळ बदलत असेल, बोलणारा बदलत असेल, अन् नंतर आकार मागं फिरत नसेल, तर समजा ते जाणून केलंय. अन् एक लक्षात ठेवा, आधीची कडवी सारखी असल्याशिवाय बदल दिसत नाही."

हे मला लगेच पटलं. सरळ भिंत असती तेव्हाच ओळंबा सांगतो की इथून कलली. मुळात वाकडीच असली तर काय सांगणार?

•

कागद नसला तरी आकार असतो, हे मला अशोकरावांनी दाखवलं. अशोकराव म्हणजे आमचे शाहीर. जयंतीला सगळा तालुका त्यांना गायला बोलवतो. त्यांच्या गाण्यात कडवं झालं की ध्रुपद यायचंच, अन् ते आपण सगळ्यांनी मागून म्हणायचं. वडलांवरचं नवं गाणं घेऊन आले, ध्रुपदात बापाला हाक. पहिलं कडवं झालं, ध्रुपद आलं, आमी टाळ्या वाजवून म्हणलं. दुसरं झालं, म्हणलं. तिसरं झालं, म्हणलं.

चौथं कडवं संपलं. आमी तोंडं उघडली, टाळीला हात वर केले... अन् अशोकराव गप! डोळे मिटून बसलेले. सगळ्यांचे हात वरच. भगवानचा तर असा आ वासलेला, की माशी जायची.

"शाहीर, ध्रुपद विसरले का?" भगवाननं विचारलं.

"न्हाई," अशोकराव म्हणले. "चौथ्या कडव्यात बाप जातो. तीनदा हाक मारली तवा आला होता. चौथ्यांदा कुठून येईल?"

आमी हात हळूच खाली घेतले.

•

मग त्या उन्हाळ्यात कौसल्या आली. ऊसतोडीला जाणारी बाई, सातवी शिकलेली. बाजाराला आली की वाचनालयाच्या दारात उभी राहून ऐकायची. एक दिवस पिशवीतून कागद काढून गुरुजींपुढं धरला. गुरुजींनी मोठ्यानं वाचला.

तू तोडत गेलास पुढं, मी मोळी बांधत मागं,
दोघांच्या पायाला एकच चिखल, दोघांना एकच जाग.

मी खालून मोळी दिली, तू वरून हात दिला,
दिस डोक्यावर आला, एकाच तांब्यातून घोट घेतला.

यंदा मोळी मीच बांधते.

मीच उचलते.

तांब्यात पाणी उरतं.

गुरुजी म्हणाले, "सुरुवात फार चांगली झालीये, बाई. दोन-दोन ओळींची जोडी, यमक जुळलेलं. पुढं मात्र एकेकच ओळ राहिली. यमकही सुटलं. तेवढ्या जोड्या पुऱ्या करून आणा."

कौसल्यानं पदर नीट केला.

मी म्हणलं, "गुरुजी, ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दोघं मिळून एक. त्यातलं एकच मानूस राहिलं, तर त्याला म्हणतात अर्धा कोयता."

गेल्या साली ताप आला अन् तिचा मालक गेला, हे मला ठाऊक होतं. गुरुजींना न्हवतं. त्यांनी कागद परत उचलला, मनातल्या मनात वाचला, अन् दोन्ही हातांनी तिला परत दिला.

"एक अक्षर बदलू नका," ते म्हणाले. "मास्तर असून मी चुकलो."

•

पावसाळ्यात आमी पुस्तक काढायचं ठरवलं, लहानसंच. परभणीला टायपिंग करणाऱ्या पोऱ्याकडं कागद दिले. पोऱ्या कामाला लय साफ! मुद्रितं आली अन् गुरुजींनी कपाळाला हात लावला. कौसल्याच्या सुट्या ओळी त्यानं एकाखाली एक चिकटवून टाकल्या होत्या. फोनवर म्हणला, "सर, पान मोकळं मोकळं दिसायलं होतं. मी ओळी जोडून टाकल्या. आता मस्त भरल्यासारखं वाटायलंय!"

कौसल्यानं तो कागद पाहिला. बराच वेळ पाहिला. आमी सगळे घाबरलो, की आता रडते.

ती हसली! तोंडाला पदर लावून हसली. म्हणली, "अवो गुरुजी, त्या पोरानं माजा मालक जिता केला की!"

मग म्हणली, "छापताना मात्र जसं हाय तसंच ठेवा. मला एकटीलाच जायचंय."

•

दसरा झाला. टोळ्या जायचे दिवस आले. कौसल्या नवी कविता घेऊन आली. ह्या खेपेला तिनं ती वाचायला माझ्याकडं दिली, कारण मला आता जोडाक्षरंबी येत होती. मी बोट ठेवून वाचायलो. सगळ्या ओळी एकेकट्या. एक ओळ, मोकळी जागा. एक ओळ, मोकळी जागा. अन् शेवटी एकदम जोडी!

आता माज्या सावलीला दुसरी सावली आली,
तांब्यातल्या पाण्याची पुन्हा वाटणी झाली.

"वा!" भगवान ओरडला. "जोडी जुळली! यमकबी जुळलं! कौसल्याबाई, पेढे कधी?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाजवता येईना. कागदावर बोट तसंच राहिलं. आकार वळला होता, म्हणजे बोलणंही वळलं असणार. अन् तिच्या हिशोबात जोडी म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं.

मी विचारलं, "कौसल्या, ही दुसरी ओळ कोण हाय गं?"

ती जमिनीकडं बघायली.

"पूजा," ती म्हणली.

पूजा तिची लेक. आठवीला.

टाळ्या थांबल्या. भगवाननं टोपी काढून मांडीवर ठेवली. कौसल्या हळू आवाजात म्हणली, "मुकादम म्हणला, गेल्या खेपेला घेतला, आता अर्धा कोयता टोळीत नको. अन् पोरीला मागं ठेवू कुणापाशी, आबा? सासू न्हाई, माय न्हाई."

त्या दिवशी कुणीच विचारलं नाही, की माल संपला का खिडकी हाय.

मी घरी आलो. बायकोला, गंगूला, सगळं सांगितलं. तिला लिहिता-वाचता येत नाही. ती म्हणली, "त्या कागदातली दुसरी ओळ काढता येती का?"

मी म्हणलं, "ते लिहिणारीच्या हातात असतं."

गंगूनं चप्पल पायात सरकवली अन् गेली. दोघी काय बोलल्या, मी विचारलं नाही. दोन दिवसांनी मात्र आमच्या घरात एक दप्तर आलं. अशोकरावांनी दुसऱ्या एका मुकादमाला गळ घातली, अर्ध्या कोयत्यासाठी.

•

थंडीत एका रविवारी भगवाननं मोबाईल पुढं केला. कौसल्यानं फडावरून कागदाचा फोटो पाठवला होता. त्या दिवशी वाचायला पूजा होती, शाळेच्या ड्रेसवर स्वेटर घालून. आवाज आईसारखाच, जरासा खर्जातला. तिनं वाचलं.

पाचट पायाला लागतं.

मोळी बांधते.

मीच उचलते.

तिथं ती अडली. मोबाईल डोळ्यांजवळ नेला, बोटांनी फोटो मोठा केला. शेवटच्या ओळीखाली कौसल्यानं जोडीतल्या दुसऱ्या ओळीची जागा कोरी सोडली होती. खाली पेनानं रेघ आखलेली, अन् रेघेवर काहीच नाही.

पूजानं माझ्याकडं बघितलं.

"आजोबा, हितं आईचा माल संपला का?"

सगळे माझ्याकडं बघायले. गुरुजी चष्मा पुसायले.

मी म्हणलं, "न्हाई बाई. खिडकी हाय."