टर्न-बेस्डच्या पुढचा शब्द

माझा थोरला भाऊ सारोळ्यात राहतो. वीस वर्षं त्याने भाजीचा टेम्पो चालवला. मग अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, पण उजवा हात रुसूनच बसला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, त्या हाताला रोज काम द्या, नाहीतर तो काम विसरेल. रबरी चेंडू दाबत बसायची दादाला लाज वाटे. मी भोरला कॉम्प्युटरचे क्लास घेते आणि उरलेल्या वेळात गेम खेळते. घरचे याला व्यसन म्हणतात. ते व्यसन एकदा तरी कामी येईल, या हिशेबाने मी माझा जुना लॅपटॉप एसटीतून सारोळ्याला नेला आणि माउस दादाच्या उजव्या हाताखाली ठेवला.

पहिला गेम त्याने स्वतः निवडला. गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या पानावर किल्ल्याचं चित्र होतं आणि खाली पहिलाच शब्द, स्ट्रॅटेजी. "हे डोक्याचं काम हाय," दादा म्हणाला. "सावकाश इचार करून करायचं." मला परतीची एसटी गाठायची होती. मी बरं म्हटलं आणि निघाले.

पुढच्या रविवारी गेले तर माउस डावीकडे, डाव्या हाताखाली होता. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुमचा भाऊ रोज हरतोय. जेवत बी न्हाई धड." दादा म्हणाला, "डोकं मंद झालंय माजं. इचार करूस्तवर तटबंदी पडलेली आसती."

मी त्या गेमचं पान उघडलं. स्ट्रॅटेजीच्या शेजारीच लिहिलं होतं, रिअल-टाइम. म्हणजे तुम्ही विचार करत असताना शत्रू थांबत नाही. नुसत्या स्ट्रॅटेजीवरून तुम्हाला सवड मिळेल की नाही ते कळत नाही. ते पुढचा शब्द सांगतो. दादाला मी हेही सांगितलं की हे बरेचसे शब्द खेळणारेच चिकटवतात, आणि जो जास्त जणांनी चिकटवला तो आधी येतो, म्हणून पहिले चार-पाच तरी वाचायचे. "तुझं डोकं शाबूत आहे. तुला टर्न-बेस्ड हवा. तू चाल करेपर्यंत तो बसून राहतो, मग अर्धा तास लागू दे."

तसा एक मी स्वतः शोधून दिला. भुयारात उतरणारी चार माणसांची टोळी. दादाने माउस उजवीकडे आणला. माउसचा बाण हव्या त्या चौकोनावर न्यायला त्याला मिनिट लागे, आणि गेम निमूट थांबे. मध्येच बंद केला तर दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू होई. अकरा दिवस तो एकच डाव खेळत होता. टोळीला त्याने टेम्पोवाल्या दोस्तांची नावं दिली होती. वहिनीने फोनवर सांगितलं की आता चहाची कपबशीही तो उजव्या हाताने धरून बघतो. मला भलताच आनंद झाला.

बाराव्या दिवशी टोळी मेली. दादाने आदल्या दिवशीचा डाव उघडायला बघितला, तर तो पुसला गेला होता.

वहिनीचा फोन आला, तेव्हा त्या गेमचं पान मी पुन्हा बघितलं. टर्न-बेस्डच्या पुढे रोगलाइक लिहिलं होतं. मेलात की सगळं पहिल्यापासून, आणि भुयारही दर खेपेला नव्याने मांडलेलं. त्याच्या मऊ भावंडात, रोगलाइटमध्ये, मेल्यावरही थोडं काही हाती राहतं. यात काही नाही. मला असले गेम आवडतात, म्हणून तो शब्द माझ्या डोळ्यांना दिसलाच नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. एसटीत बसले तेव्हा मला स्वतःचा राग येत होता. माउस डावीकडे गेला असेल, किंवा लॅपटॉपच पिशवीत गेला असेल, अशी माझी खात्री होती.

मी दारातूनच चूक कबूल केली. रोगलाइक म्हणजे काय ते सांगितलं, आणि दुसरा गेम देते म्हटलं. दादा लॅपटॉपसमोरच बसला होता. "म्हंजे मेलं की पहिल्यापासनं, हा खेळच तसाय? माजं काय चुकलं म्हणून न्हाई?"

"नाही. सगळ्यांचं तसंच होतं. शंभरदा होतं."

"आन् ते वर लिवलंय?"

मी स्क्रीनवर शब्द दाखवला. त्याने तो एकेक अक्षर लावत वाचला. मग उजव्या हाताने माउस धरून नवी टोळी उघडली आणि त्याच हाताने पहिल्या माणसाचं नाव टाइप करायला घेतलं. एकेक अक्षर, सावकाश.

"हे बरंय," तो म्हणाला. "हितं आधी लिवून तरी ठेवत्यात. दवाखान्यातनं सोडलं तवा समदं पहिल्यापासनं हाय, आसं मला कुनी सांगितलं न्हवतं."